लाइक आणि सेव्ह: दोन्हीचा अर्थ "आवडलं", पण आवडण्या-आवडण्यात फरक असतो

इन्स्टाग्रामवरच्या एखाद्या पोस्टवर सहाशे लाइक आले की आपण खूष होतो आणि लगेच ठरवतो की हा विषय लोकांना आवडतोय, म्हणजे असंच अजून टाकायचं. मग तशाच दहा पोस्ट टाकतो, लाइक येत राहतात, पण फॉलोअर्स वाढत नाहीत, कोणी मेसेज करून काही विचारत नाही आणि महिन्याभराने त्यातली एकही पोस्ट कोणाला आठवत नाही. हे होतं कारण लाइक, सेव्ह आणि शेअर या तिन्ही गोष्टी आपण "एंगेजमेंट" नावाच्या एकाच पोत्यात भरतो. खरं तर त्या तीन वेगळ्या कृती आहेत आणि त्या तीन वेगळ्या माणसांसाठी केल्या जातात.

माझ्या मते सगळा फरक इथेच आहे. लाइक बराचसा पोस्ट टाकणाऱ्यासाठी असतो. आपण लाइक केलं की समोरच्याला नोटिफिकेशन जातं, नाव दिसतं, त्यामुळे त्यात "पाहिलं रे तुझं", "छान चाललंय", "मी आहे इथे" असं बरंच काही मिसळलेलं असतं. मैत्री, ओळख, सवय, कधी नुसता संकोच की याने माझं लाइक केलं होतं मग मी नाही केलं तर बरं दिसत नाही. सेव्ह मात्र स्वतःसाठी असतं. इन्स्टाग्रामवर सेव्हची सोय आली डिसेंबर २०१६ मध्ये, आणि आजही पोस्ट टाकणाऱ्याला फक्त आकडा दिसतो, कोणी सेव्ह केलं ते दिसत नाही. म्हणजे तिथे कोणाला खूष करायचा प्रश्नच येत नाही, बघणाऱ्याच्या मनात एवढंच असतं की हे मला परत लागेल. आणि शेअर तिसऱ्याच माणसासाठी असतो. कोणीतरी तुमची पोस्ट बघून "अरे हे तिला पाठवायला हवं" असं म्हणतं तेव्हा त्याला एक विशिष्ट माणूस आठवलेला असतो, आणि पाठवताना तो स्वतःची थोडी पत पणाला लावतो, कारण फालतू काही पाठवलं तर नाव त्याचं खराब होतं, तुमचं नाही.

आता मेहनत बघा. फोटोवर दोनदा टॅप केलं की लाइक झाला, बटण शोधायचीही गरज नाही, स्क्रोल करता करता अंगठा आपोआप ते करून टाकतो. सेव्हलाही तसा एकच टॅप लागतो, पण ते बटण कोपऱ्यात असतं आणि तिथे अंगठा नेण्यासाठी आधी "हे ठेवायचं" असं ठरवावं लागतं. शेअरमध्ये तर नावांची यादी उघडते, माणूस निवडावा लागतो, कधी सोबत एक ओळ लिहावी लागते. त्यामुळे सेव्ह आणि शेअर लाइकपेक्षा कमी येणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बघायचं ते हे की *किती* कमी येतात, आणि तुमच्याच बाकी पोस्टच्या तुलनेत कमी येतात का.

एक उदाहरण घेऊ, आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मीच धरलेत. समजा एक बाई मोबाइलवर फोटो काढायला शिकवणारं अकाउंट चालवते. तिने दोन पोस्ट टाकल्या. पहिली, सूर्यास्ताचा एक अप्रतिम फोटो, खाली दोन ओळींचं कॅप्शन. दुसरी, पाच स्लाइडची पोस्ट, कमी उजेडात फोटो हलू नये म्हणून फोन कसा धरायचा, फोकस लॉक कसा करायचा, एक्स्पोजर किती खाली ओढायचं. सात दिवसांनी पहिलीचा रीच, म्हणजे ती पाहिलेल्या लोकांचा आकडा, ४,२००, लाइक ६१०, सेव्ह ६, शेअर ४. दुसरीचा रीच ३,९००, लाइक १९०, सेव्ह १४०, शेअर ५८.

नुसते लाइक बघितले तर पहिली पोस्ट तिपटीपेक्षा जास्त जिंकली. पण प्रत्येक आकडा रीचने भागून बघा. पहिल्या पोस्टला शंभरातल्या साधारण साडेचौदा जणांनी लाइक केलं, पण सेव्ह करणारे हजारात जेमतेम एक-दीड. दुसरीला शंभरातले पाचेक जणच लाइक करून गेले, पण साडेतीन जणांनी ती स्वतःकडे ठेवली आणि दीड जणाने पुढे पाठवली. अजून सोपं करायचं तर दर शंभर लाइकमागे सेव्ह किती ते काढा: पहिलीला एक, दुसरीला जवळपास चौऱ्याहत्तर. दोन्ही पोस्ट जवळपास तेवढ्याच लोकांनी पाहिल्यात, म्हणून हा फरक पोचण्यातला नाही, लोकांनी तिचं काय केलं त्यातला आहे. पहिल्या पोस्टसमोर लोक एक क्षण थांबले, बरं वाटलं, पुढे गेले. ही उथळ आवड. फोटो वाईट होता असं अजिबात नाही, फक्त त्या आवडीला पुढे जायला रस्ताच नव्हता, त्या पोस्टमधून घेऊन जाण्यासारखं काही हातात आलं नाही.

आणि हे नुसतं मानसशास्त्र नाही, पोस्ट पुढे कोणाला दाखवायची तेही यावरून ठरतं. जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी रँकिंगसाठी सगळ्यात महत्त्वाच्या म्हणून तीन गोष्टी सांगितल्या होत्या: लोक किती वेळ बघतात, किती लाइक करतात आणि किती जण दुसऱ्याला पाठवतात. पण त्यातली खरी कामाची गोष्ट पुढे होती. जे आधीच फॉलो करतात त्यांच्यापर्यंत पोचताना रीचच्या प्रमाणातले लाइक थोडे जास्त मोजले जातात, आणि जे तुम्हाला ओळखतच नाहीत त्यांच्यापर्यंत पोचताना पाठवण्याचं प्रमाण जास्त मोजलं जातं. म्हणजे भरपूर लाइक आणि नगण्य शेअर असलेली पोस्ट बहुतेक वेळा ओळखीच्याच वर्तुळात फिरत राहते. इन्साइट्स उघडून त्या पोस्टच्या रीचमध्ये फॉलोअर किती आणि बाहेरचे किती ते बघा, आणि प्रोफाइलवर किती जण आले, फॉलो किती जणांनी केलं तेही बघा. लाइकचा आकडा मोठा आणि हे सगळे आकडे लहान असतील तर ती तीच माणसं आहेत जी तुमचं काहीही लाइक करतात.

कमेंट्सवरूनही कळतं. "मस्त", "भारी", तीन हृदयं, हे लाइकचंच लांबवलेलं रूप आहे. पण "हे जुन्या फोनवर होईल का" किंवा "तिसऱ्या स्लाइडवरचं कळलं नाही" असं कोणी विचारत असेल तर तो माणूस पोस्टच्या आत शिरलाय. असे पाच प्रश्न मला पन्नास "मस्त"पेक्षा जास्त सांगून जातात.

आता जिथे हा हिशोब चुकतो ते नीट सांगायला हवं, नाहीतर लोक सगळ्याच पोस्ट सेव्हच्या तराजूत तोलायला लागतील. काही पोस्ट मुळात ठेवायच्या नसतातच. कोणी पास झालं, नवीन काम लागलं, कोणी गेलं, अशा बातमीवर लाइक किंवा दोन शब्द हाच पूर्ण प्रतिसाद आहे, ती कोण कशाला सेव्ह करेल? तिथे सेव्ह शून्य असलं तरी आपुलकी खरीच असते. विनोदी पोस्टचं उलटं, लोक ती धडाधड पाठवतात पण सेव्ह फारसे करत नाहीत, कारण हसून झालं की काम झालं. आणि शिकवणाऱ्या पोस्टला सेव्ह भरपूर पण शेअर कमी असं बऱ्याचदा होतं, कारण ज्याला शिकायचंय त्याला स्वतःसाठी हवं असतं. म्हणून विनोदी पोस्टची तुलना विनोदी पोस्टशी करा, शिकवणाऱ्या पोस्टची शिकवणाऱ्या पोस्टशी.

एक प्रकार तर अगदी उलट फसवतो. कर्ज, घटस्फोट, मानसिक त्रास, एखादा आजार, अशा विषयांवर लाइक खूप कमी येतात आणि लिहिणारा निराश होतो, पण सेव्ह बघितले तर भरपूर. कारण लाइक चारचौघांत दिसतो आणि "याला याची गरज का पडली" असं कोणी म्हणायला नको असतं, सेव्ह मात्र कोणालाच दिसत नाही. अशी पोस्ट लाइक कमी म्हणून काढून टाकणं फार वाईट, कारण ज्यांना ती खरंच हवी होती तेच लोक गप्प राहून ती ठेवून गेलेत.

सेव्हलाही डोक्यावर बसवू नका. भरपूर लोक सेव्ह करतात आणि परत कधी उघडत नाहीत, म्हणजे सेव्ह म्हणजे वापर नाही, वापरायचा इरादा आहे. उलट स्क्रीनशॉट काढणारे, लिंक कॉपी करून दुसऱ्या अ‍ॅपमध्ये चिकटवणारे, तोंडी सांगणारे, यांचा तुमच्या सेव्हच्या आकड्यात पत्ताच नसतो. आणि "सेव्ह करा, तीन जणांना पाठवा आणि बक्षीस जिंका" असं लिहिलं असेल तर ते आकडे बाजूलाच ठेवा, ती आवड बक्षिसाची आहे.

मोजताना दोन चुका फार होतात. एक म्हणजे घाई. लाइक बहुतेक पहिल्या काही तासांत येऊन जातात, सेव्ह आणि शेअर मात्र कामाच्या पोस्टवर कितीतरी दिवस थेंब थेंब येत राहतात, म्हणून दुसऱ्याच दिवशी निकाल लावला तर चांगली पोस्टही उथळ वाटते. प्रत्येक पोस्ट सात दिवसांची झाल्यावरच आकडे लिहून ठेवा. दुसरी चूक, छोट्या आकड्यांवर विश्वास. रीच दीडशे असेल तर सेव्ह दोन काय आणि पाच काय, एका मित्राने सेव्ह केलं तरी टक्केवारी उडी मारते. अशा वेळी एका पोस्टवरून काही ठरवू नका, एकाच प्रकारच्या दहा-पंधरा पोस्टचे आकडे काढा, चढत्या क्रमाने लावा आणि मधला आकडा धरा. तो तुमचा नेहमीचा आकडा. कुठल्या तरी लेखात वाचलेलं "इतके टक्के सेव्ह हवेत" हे इथे उपयोगाचं नाही, कारण त्यांचे वाचक वेगळे, विषय वेगळा. पैसे देऊन पुढे ढकललेल्या पोस्टही या यादीत घेऊ नका, त्यांचा रीच विकत घेतलेला असतो.

आणि संशय आलाच की एखाद्या पोस्टचे लाइक पोकळ आहेत, तर ते तपासायला तोच विषय परत घ्या. त्या बाईने तोच सूर्यास्ताचा फोटो पहिल्या स्लाइडवर ठेवावा आणि पुढच्या तीन स्लाइडवर तो कसा काढला ते दाखवावं: फोकस कुठे टॅप केला, एक्स्पोजर किती कमी केलं, काढल्यानंतर रंगात काय बदललं. सात दिवसांनी सेव्ह सहावरून साठ-सत्तरवर गेले तर कळलं की लोकांना सूर्यास्तात खरंच रस होता, पहिल्या वेळी फक्त न्यायला काही नव्हतं. आणि एवढं करूनही सेव्ह सहा-सातच राहिले, लाइक तेवढे परत सहाशे आले, तर त्या लोकांना फोटो बघायला आवडतो, काढायला शिकायचं नाहीये.