कंसातला तो नऊ

संख्याशास्त्राच्या प्रॅक्टिकलचं जर्नल तपासताना मी आधी निकालाच्या परिच्छेदातला कंस बघतो. `t(9) = 4.06` यातल्या ९ कडे, म्हणजे डिग्रीज ऑफ फ्रीडमकडे. टी केवढा आला आणि पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली गेली का, हे मुलं आवर्जून लिहितात. कंसातला आकडा मात्र सॉफ्टवेअरने दिला म्हणून उतरवून काढतात, नाहीतर गाळूनच टाकतात. खरं तर मुलाने नेमकं काय केलं, याची साक्ष तोच आकडा देतो.

उदाहरण घेऊ ते टी-टेस्टच्या जन्माशी जोडलेलं. विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस कंपनीत काम करायचे. १९०८ मध्ये त्यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने, मोजकीच निरीक्षणं हाताशी असताना सरासरीबद्दल किती खात्रीने बोलता येतं, यावर निबंध लिहिला. त्यात त्यांनी झोपेच्या औषधांची आकडेवारी वापरली होती. रुग्ण दहा, औषधं दोन, आणि प्रत्येक रुग्णाला दोन्ही औषधं वेगवेगळ्या वेळी दिलेली. नोंद होती ती झोप किती तासांनी वाढली याची. आर या सॉफ्टवेअरमध्ये ही माहिती `sleep` या नावाने आयतीच मिळते, म्हणून ती अनेक लॅबमध्ये सरावाला असते.

```
a <- sleep$extra[sleep$group == 1]
b <- sleep$extra[sleep$group == 2]
t.test(b, a, paired = TRUE)
```

यातून `t = 4.0621, df = 9, p-value = 0.002833` असं उत्तर येतं. आता शेवटचं `paired = TRUE` टंकायचं राहिलं, तर तेच आकडे `t = 1.8608, df = 17.776, p-value = 0.07939` असं सांगतात. पहिला मुलगा लिहितो, दुसरं औषध जास्त झोप आणतं. दुसरा लिहितो, फरक लक्षणीय नाही. आकडे तेच, सरासरीतला फरकही तोच, १.५८ तासांचा.

असं का होतं ते दोन रुग्णांकडे पाहिलं की कळतं. सातव्या रुग्णाची झोप पहिल्या औषधाने ३.७ तासांनी वाढली आणि दुसऱ्याने ५.५. दुसऱ्या रुग्णाची पहिल्या औषधाने उलट १.६ तासांनी घटली, आणि दुसऱ्याने जेमतेम ०.८ ने वाढली. म्हणजे माणसामाणसांतच मोठी तफावत आहे. ज्याला औषध लागू पडतं त्याला बहुधा दोन्ही लागू पडतात. पेअर्ड चाचणी प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःशीच करते, त्यामुळे ही तफावत वजाबाकीत निघून जाते. उरतात दहा फरक: १.२, २.४, १.३, १.३, ०, १.०, १.८, ०.८, ४.६ आणि १.४. एकही उणे नाही. जोड्या मोडल्या की ती तफावत छेदात जाऊन बसते आणि टी आक्रसतो.

डिग्रीज ऑफ फ्रीडम हा हिशेब उघडा करतात. दहा फरकांची सरासरी ठरली की त्यातले नऊच मोकळे राहतात, दहावा आपोआप ठरतो. म्हणून नऊ. वाचणाऱ्याने त्यात एक मिळवायचा, की जोड्या किती होत्या ते कळतं. जर्नलमध्ये १८ दिसले तर समजायचं, वीस वेगळी माणसं धरून साधी टी-टेस्ट केली आहे. १७.७८ असा अपूर्णांक दिसला तर दोन्ही गटांचं विचलन सारखं न मानणारी वेल्चची चाचणी झाली. आरमध्ये न सांगता तीच चालते. या दोन्ही ठिकाणी दहाच रुग्ण वीस म्हणून मोजले गेले. वर पद्धतीत ‘दहा रुग्ण’ लिहिलंय आणि खाली कंसात ८ आहे, तर एका रुग्णाची नोंद गळाली आणि मुलाने ते सांगितलं नाही. टी आणि पी वरवर ठीक दिसत असतानाही ही चूक एवढ्या एका आकड्यात सापडते.

आता इफेक्ट साइज. टी मोठा आला म्हणजे परिणाम मोठा असं नव्हे, कारण रुग्ण वाढवत नेले की तेवढ्याच फरकाचा टी वाढत जातो. परिणामाचं माप वेगळं द्यावं लागतं. सरासरी फरकाला प्रमाण विचलनाने भागलं की डी मिळतो. प्रश्न असा की कोणत्या प्रमाण विचलनाने?

इथे दोन वाटा आहेत. त्या दहा फरकांचं प्रमाण विचलन १.२३ आहे, त्याने भागलं तर डी १.२८ येतो. दोन औषधांची स्वतंत्र प्रमाण विचलनं १.७९ आणि २.०० आहेत, त्यांच्या सरासरीने भागलं तर डी ०.८३ येतो. दोन्ही गणितं बरोबर आहेत. पण नुसतं `d = 1.28` लिहिलं तर वाचणारा ते साध्या दोन गटांच्या प्रयोगातल्या डीशी ताडून बघेल आणि परिणाम आहे त्याहून मोठा समजेल. माझं मत दुसऱ्या वाटेच्या बाजूने आहे, आणि त्याला कारण नववा रुग्ण.

नवव्या रुग्णाचा फरक ४.६ तासांचा आहे, बाकी कुणाचाही २.४ च्या वर नाही. त्याला बाजूला ठेवून पुन्हा हिशेब केला की सरासरी फरक १.५८ वरून १.२४ तासांवर येतो. औषधांमधलं अंतर घटलं. पण फरकांचं विचलनही १.२३ वरून ०.६६ वर कोसळतं, त्यामुळे टी ४.०६ चा ५.६६ होतो आणि पहिल्या वाटेचा डी १.२८ चा १.८९! अंतर कमी झालं आणि त्याचं माप वाढलं. दुसऱ्या वाटेचा डी मात्र ०.८३ वरून ०.६५ वर उतरतो, जसा उतरायला हवा. पहिला डी मुळात फरक किती एकसारखा आहे हे सांगतो, दुसरा तो किती मोठा आहे हे सांगतो. वाट कोणतीही घ्या, पण छेदात काय घातलं ते लिहायलाच हवं. (नवव्या रुग्णाला वगळून टी वाढतो म्हणून त्याला वगळायचं, हे तर चालणारच नाही. दोन्ही हिशेब द्यावेत.)

हे सगळं निकालात मावतं ते असं:

‘दुसऱ्या औषधाने रुग्णांची झोप सरासरी २.३३ तासांनी वाढली (प्रमाण विचलन २.००), पहिल्याने ०.७५ तासांनी (प्रमाण विचलन १.७९). सरासरी फरक १.५८ तासांचा असून त्याची ९५ टक्के विश्वास मर्यादा ०.७० ते २.४६ तास आहे. पेअर्ड टी-टेस्टनुसार हा फरक लक्षणीय आहे, t(9) = 4.06, p = .003. इफेक्ट साइज d = 0.83, भागण्यासाठी दोन्ही औषधांच्या प्रमाण विचलनांची सरासरी घेतली आहे.’

आधी तास, मग चाचणी. हा क्रम मी मुलांकडून हट्टाने करून घेतो, कारण दीड तास जास्त झोप म्हणजे काय हे कुणालाही कळतं, ४.०६ म्हणजे काय हे नाही. पी-व्हॅल्यू आहे तशी लिहायची. सॉफ्टवेअरने पडद्यावर `0.000` दाखवलं तर ते तसंच उतरवायचं नाही, कारण ती शून्य कधीच नसते. तिथे `p < .001` लिहायचं. आणि औषध असं का वागलं असेल, याचा ऊहापोह या परिच्छेदात नको. त्याची जागा पुढच्या चर्चेत आहे, आणि या दहा रुग्णांबाबत ती चर्चा नवव्यापासून सुरू व्हायला हवी.