उजवा पाय, डावा पाय आणि एक इच्छा: नर्सिंग डायग्नोसिसची तीन वाक्यं

भाताची लावणी ऐन भरात असताना सिंधुदुर्गातल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात अशी पेशंट हमखास येते. वय 55, दहा वर्षांचा डायबेटिस, दिवसभर अनवाणी चिखलात. उजव्या तळव्यावर, अंगठ्याच्या मुळाशी 2 × 1.5 सेंटिमीटरची उथळ जखम आहे, वरची कातडी सोलवटलेली, पू नाही, ताप नाही. जांभ्याची कच लागली ती कधी, हे मावशींना आठवत नाही, कारण दुखलंच नाही. डावा पाय अखंड आहे. पण डोळे मिटायला सांगून 10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट वाकेपर्यंत टेकवला, तरी तिथेही त्यांना स्पर्श कळत नाही.

या एकाच बाईच्या केअर प्लॅनमध्ये नर्सिंग डायग्नोसिसची तिन्ही प्रकारची वाक्यं बसतात: प्रॉब्लेम-फोकस्ड, रिस्क आणि हेल्थ प्रमोशन.

उजव्या पायाचं वाक्य प्रॉब्लेम-फोकस्ड. त्याचे तीन भाग: काय बिघडलंय, कशामुळे, आणि कशावरून म्हणता. ‘इम्पेअर्ड स्किन इंटिग्रिटी, रिलेटेड टू अनवाणी चालण्याने होणारं घर्षण आणि सततचा ओलावा, ॲज एव्हिडन्स्ड बाय उजव्या तळव्यावर 2 × 1.5 सेंटिमीटरची उथळ जखम.’ जखम कातडीखालच्या थरांत उतरली असेल तर मात्र ‘टिश्यू इंटिग्रिटी’ म्हणायचं.

इथे पहिल्या वर्षाला ठरलेली चूक होते: ‘रिलेटेड टू डायबेटिस’. डायबेटिस हे डॉक्टरांचं निदान. ते सोबतची अवस्था म्हणून नोंदवा, पण ‘रिलेटेड टू’नंतर असं कारण हवं ज्यावर नर्सला काही करता येईल. पाय कोरडा ठेवता येतो, चप्पल घालायला लावता येते; डायबेटिस ड्रेसिंगने जात नाही. दुसरी चूक म्हणजे ‘रिलेटेड टू जखम’. जखम हा पुरावा आहे. तिलाच कारण केलं की वाक्य स्वतःभोवती गोल फिरतं.

डावा पाय म्हणजे रिस्क, आणि खरी गल्लत इथेच होते. वाक्याचे दोनच भाग: ‘रिस्क फॉर इम्पेअर्ड स्किन इंटिग्रिटी, ॲज एव्हिडन्स्ड बाय सततचा ओलावा आणि अनवाणी चालण्याने होणारं घर्षण.’ संवेदना गेल्याची नोंद सोबतची अवस्था म्हणून. ‘ॲज एव्हिडन्स्ड बाय’ दोन्हीकडे दिसतं, म्हणून घोळ होतो. पण उजवीकडे त्याच्यापुढे लक्षणं येतात, डावीकडे धोक्याची कारणं. अजून काही घडलेलंच नाही, तर लक्षण येणार कुठून? जुन्या नोट्समध्ये रिस्कलाही ‘रिलेटेड टू’ लावलेलं सापडेल. कॉलेज जी पद्धत मागेल ती लिहा, मात्र लक्षण दोन्ही पद्धतींत येत नाही.

म्हणून लिहिण्याआधी डावी टाच नीट बघा. लाली असेल तर बोटाने काही सेकंद दाबून सोडा. दाबूनही ती पांढरी पडत नसेल, तर तो आता धोका राहिला नाही, बिघाड झालाय. वाक्य तीन भागांचं करा. ध्येयही त्याबरोबर बदलतं: उजवीकडे जखमेचं माप कमी व्हायला हवं, डावीकडे कातडी आहे तशीच राहायला हवी.

उजव्या पायालाही एक रिस्क आहेच, ‘रिस्क फॉर इन्फेक्शन’. पण उद्या पू आला, कडा गरम आणि लाल झाल्या, तर नुसतं ‘इन्फेक्शन’ असं नर्सिंग डायग्नोसिस लिहायचं नसतं, नर्सिंग डायग्नोसिसची लेबलं ठरवणाऱ्या नांडा या संस्थेच्या यादीत तसं लेबल नाही. डॉक्टरांना लगेच कळवायचं.

तिसरं वाक्य हेल्थ प्रमोशनचं. ड्रेसिंग चालू असताना मावशी म्हणतात, “पाय रोज कसे बघूचे ता माका शिकव गो, ह्यो पाय तरी बरो ऱ्हवाक होयो.” लिहायचं असं: ‘रेडिनेस फॉर एन्हान्स्ड हेल्थ सेल्फ-मॅनेजमेंट, ॲज एव्हिडन्स्ड बाय रोज पाय तपासायला शिकण्याची इच्छा बोलून दाखवणे.’ इथे ‘रिलेटेड टू’ नाही. पुरावा म्हणून पेशंटचे शब्दच लिहून ठेवा, मालवणीत असले तरी.

त्या काहीच बोलल्या नसत्या आणि ‘यांना शिकवायला हवं’ हे फक्त तुम्हालाच वाटलं असतं, तर ती रेडिनेस नव्हे. गरम पाण्यात पाय शेकले की बरं वाटतं, असं त्या सांगत असतील, तर ते ‘डेफिशियंट नॉलेज’, नांडाच्या 2024–2026 च्या यादीपासून ‘इनॲडिक्वेट हेल्थ नॉलेज’, म्हणजे पुन्हा प्रॉब्लेम-फोकस्ड आणि पुन्हा तीन भाग. बधिर पायाला पाणी किती कढत आहे ते कळत नाही. सकाळी डाव्या पायावर फोड दिसतो आणि रिस्कचं वाक्य खोडावं लागतं.