कपातला चहा आणि कॅप्सूलमधला अर्क

ग्रीन टीने वजन उतरतं या समजुतीच्या मागे एक खराखुरा आणि नीट केलेला प्रयोग आहे. १९९९ साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी दहा निरोगी तरुणांना, एकेकाला, चोवीस तास एका बंद खोलीत ठेवलं. अशा खोलीत येणाऱ्या-जाणाऱ्या हवेतला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड सतत मोजतात आणि त्यावरून आतल्या माणसाने दिवसभरात किती ऊर्जा खर्च केली ते काढतात. प्रत्येकाला हे तीनदा करायचं होतं. एका दिवशी काहीच परिणाम नसलेल्या, नुसत्या दाखवायच्या कॅप्सूल, एका दिवशी कॅफिन आणि एका दिवशी ग्रीन टीचा अर्क. अर्काच्या दर मात्रेत ५० मिलिग्रॅम कॅफिन होतं आणि ९० मिलिग्रॅम इजीसीजी, म्हणजे हिरव्या चहातल्या कॅटेचिन नावाच्या द्रव्यांपैकी सगळ्यात चर्चेतलं. मात्रा दिवसातून तीन वेळा.

अर्काच्या दिवशी ऊर्जेचा खर्च सुमारे ४ टक्क्यांनी वाढला. तेवढंच कॅफिन एकटं दिलं तेव्हा वाढला नाही. म्हणजे परिणाम होता, आणि तो फक्त कॅफिनचा नव्हता. ४ टक्के म्हणजे दिवसाला साधारण ८० कॅलरी, एका लहान, तूप न लावलेल्या फुलक्याएवढ्या.

आता हा हिशेब पुढे नेऊ. एक किलो चरबी उतरायला ढोबळमानाने ७,७०० कॅलरींची तूट लागते. रोज ८० कॅलरी जास्त जळत राहिल्या आणि बाकी काहीच बदललं नाही, तर बारा आठवड्यांत ६,७०० कॅलरी, म्हणजे जेमतेम पाऊण-एक किलो वजन कमी व्हायला हवं. कागदावर ठीक दिसतं. पण चोवीस तासांच्या खोलीत जे घडतं ते तीन महिन्यांच्या आयुष्यात घडतंच असं नाही. शरीर सरावतं, भूक थोडी वाढते, आणि चार घास जास्त गेले की ८० कॅलरी भरून निघतात.

तीन महिन्यांत खरोखर काय होतं हेही तपासलं गेलं आहे. कॉक्रेन ही संस्था एकाच प्रश्नावरचे सगळे चांगले प्रयोग गोळा करून त्यांचा एकत्रित निष्कर्ष काढते. ग्रीन टी आणि वजन यांवरचा तिचा आढावा २०१२ मध्ये आला. त्यात बारा-तेरा आठवडे चाललेले प्रयोग प्रामुख्याने होते. जपानबाहेरच्या सहा प्रयोगांत मिळून ५३२ माणसं होती आणि ग्रीन टी घेणाऱ्यांचं वजन न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी ०.०४ किलोने कमी भरलं. चाळीस ग्रॅम. एक ग्लास पाणी प्यायलं तरी काट्यावर यापेक्षा मोठा फरक दिसतो. जपानमधल्या आठ प्रयोगांत फरक २०० ग्रॅमपासून साडेतीन किलोंपर्यंत होता, पण त्यांचे निकाल एकमेकांशी इतके जुळत नव्हते की त्यांची एक सरासरी काढता आली नाही. शिवाय जपानमधल्या कित्येक प्रयोगांत दिलं जाणारं पेय घरी उकळत्या पाण्यात पिशवी बुडवून केलेला चहा नव्हतं. त्यात कॅटेचिन मुद्दाम वाढवलेलं होतं.

मग ज्यांचं वजन ग्रीन टी सुरू केल्यावर खरोखर उतरलं, ती माणसं खोटं बोलतात का? मुळीच नाही. त्यांनी ग्रीन टी सुरू करताना काय बंद केलं ते विचारा. आपल्याकडचा घरचा चहा म्हणजे दोन चमचे साखर, अर्धा-पाऊण कप म्हशीचं दूध. कपामागे नव्वदेक कॅलरी सहज होतात. दिवसाचे तीन कप म्हणजे अडीचशेच्या वर, आणि त्यासोबतची बिस्किटं, खारी, टोस्ट वेगळे. त्या जागी बिनसाखरेचा ग्रीन टी आला की ही सगळी रक्कम वजा होते. अर्कापासून खोलीत मिळालेल्या ८० कॅलरींच्या तिप्पट! तीच वजाबाकी बिनसाखरेच्या कोऱ्या चहानेही होते आणि साध्या पाण्यानेही. ग्रीन टीत दोन चमचे मध घातला तर तिच्यातल्या चाळीसेक कॅलरी परत आल्या.

चहाच्या वेळेबद्दल एक गोष्ट मला आग्रहाने सांगावीशी वाटते, कारण सल्ला नेमका उलटा दिला जातो. ‘जेवण झाल्यावर लगेच ग्रीन टी, चरबी साठत नाही’ असं सांगतात. पण चहातली कॅटेचिनसारखी द्रव्यं डाळी, पालेभाज्या, नाचणी यांतल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते आतड्यात नीट शोषलं जात नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना ॲनिमिया होता. शाकाहारी जेवणाऱ्या, हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईने जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचं अंतर ठेवायला हवं, मग चहा हिरवा असो की दुधाचा. लोहाची गोळी तर चहासोबत घेऊच नये.

इथवर बोललो ते कपातल्या चहाबद्दल. त्यातून दिवसभरात मिळणारं इजीसीजी बहुतेकांच्या बाबतीत ९० ते ३०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, आणि तेवढं शतकानुशतकं माणसं पीत आली आहेत. अडचण सुरू होते ती कॅप्सूलपाशी. कपाने परिणाम दिसत नाही म्हटल्यावर अर्क आणखी तीव्र करायचा, हा या धंद्याचा सरळ मार्ग आहे. २००३ मध्ये फ्रान्स आणि स्पेनमध्ये वजन घटवण्यासाठी विकलं जाणारं ग्रीन टीच्या अर्काचं एक उत्पादन बाजारातून काढून घ्यावं लागलं, कारण ते घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा झालेले रुग्ण सापडले होते. २०१८ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सगळे पुरावे तपासून सांगितलं की दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त इजीसीजी पूरक गोळ्यांतून घेतलं तर रक्तात यकृताची एन्झाइम्स वाढू लागतात. कपातल्या चहाला त्यांनी सामान्यतः सुरक्षित मानलं.

रिकाम्या पोटी घेतलेल्या अर्कातून इजीसीजी रक्तात कितीतरी जास्त प्रमाणात जातं. आणि या कॅप्सूल घेतं कोण? वजन घटवण्यासाठी जेवण टाळणारा, उपास करणारा माणूस. म्हणजे धोका जिथे जास्त, तिथेच त्या पोहोचतात. काहींच्या जनुकांतच या इजेकडे कल असतो, पण तो आधी ओळखून सावध होण्याची सोय दुकानात नसते. अशी कॅप्सूल सुरू केल्यावर काही आठवड्यांत भूक मेली, मळमळ सुरू झाली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर ती त्याच दिवशी बंद करून एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, करून घ्यावी. एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइम किती वाढलं आहे ते तिच्यातून कळतं.

प्रतिकारशक्तीसाठी घेतल्या जाणाऱ्या काढ्याची गोष्ट वेगळ्या वाटेने जाते, पण वळण तेच आहे. २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या क्वाथात तुळशीची पानं चार भाग, दालचिनी आणि सुंठ दोन-दोन भाग आणि काळी मिरी एक भाग होती. तीन ग्रॅम भुकटी १५० मिलिलिटर उकळत्या पाण्यात, दिवसातून एकदा-दोनदा. या प्रमाणात हे स्वयंपाकघरातले मसालेच आहेत आणि बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. पण त्याने प्रतिकारशक्ती वाढते का?

तुळशीवर एक प्रयोग झाला आहे. तो दिल्लीच्या एम्समधला असून २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चोवीस निरोगी स्वयंसेवकांना चार आठवडे तुळशीच्या अर्काची ३०० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिली. प्रयोग पूर्ण करणाऱ्या बावीस जणांच्या रक्तात काही रोगप्रतिकारक पेशी आणि त्यांची संदेशद्रव्यं वाढलेली दिसली. या निकालाचा हवाला तुळशीच्या जाहिरातींत देता येतो, पण त्या लोकांना पुढे सर्दी-ताप कमी झाला का, हे तिथे मोजलेलंच नव्हतं. शिवाय तो अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क होता, पाण्यात उकळलेली पानं नव्हती. रक्तातला एखादा आकडा वाढणं आणि माणूस आजारी न पडणं यांत बरंच अंतर असतं.

आजारच मोजायचा तर तो कसा मोजावा, हे जपानमधल्या शिझुओकाच्या संशोधकांनी दाखवलं. हा चहाचाच प्रदेश. तिथल्या ७४७ शाळकरी मुलांपैकी निम्म्यांनी ग्रीन टीने आणि निम्म्यांनी पाण्याने गुळण्या केल्या. फ्लू झाला तो ग्रीन टीवाल्यांपैकी ४.९ टक्क्यांना आणि पाणीवाल्यांपैकी ६.९ टक्क्यांना. इतका फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो, म्हणून संशोधकांनी परिणाम सिद्ध झाला नाही असंच लिहिलं. चहाच्या जिल्ह्यात राहून असं लिहिणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

काढ्याने बरं वाटतं, हे मात्र खरं आहे आणि त्यालाही पुरावा आहे. ब्रिटनमधल्या कार्डिफमध्ये २००८ साली सर्दी झालेल्या तीस जणांना फळाचं गरम पेय दिलं. नाकातून जाणारी हवा यंत्राने मोजली तर तिच्यात फरक नव्हता, पण शिंका, खोकला, घसा दुखणं, थंडी वाजणं, थकवा, सगळ्यांत लगेच आराम पडल्याचं रुग्णांनी सांगितलं. सुंठ-मिऱ्याची तिखट ऊब घशाला हेच सुख देते. त्यासाठी काढा जरूर प्यावा.

धोका येतो तो काढ्यात वाढत जाणाऱ्या वस्तूंतून. कोविडच्या काळात गुळवेल घरोघरी गेली, काढ्यात, रसात, गोळ्यांत. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईत यकृताला इजा झालेले सहा रुग्ण डॉक्टरांना आढळले. सहाही जण गुळवेल घेत होते आणि त्यांच्या यकृताचं चित्र ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं होतं, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटलेली. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला आणि गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी असं म्हटलं. पुढे देशातल्या तेरा केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. गुळवेल बंद केल्यावर बहुतेक जण सुधारले, काही दगावले. लाखोंनी ती घेतली आणि त्यांतल्या फार थोड्यांना हे झालं, हेही खरं. पण ‘इम्युनिटी वाढवायची’ म्हणजे काय, हा प्रश्न इथे टोकदार होतो. ज्यांना थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार, ऱ्हुमॅटॉइड संधिवात किंवा ल्युपस आहे, त्यांच्यात ही यंत्रणा आधीच नको तिथे जास्त काम करते आहे. त्यांनी गुळवेलीपासून लांब राहावं.

दुसरी वस्तू जेष्ठमध. घसा बसल्यावर दोन दिवस चघळलं तर बिघडत नाही. पण त्यातलं ग्लायसिऱ्हायझिन रोज पोटात गेलं तर मूत्रपिंडात कॉर्टिसॉल हे संप्रेरक निष्प्रभ करणारं एन्झाइम अडतं. मग शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम बाहेर टाकतं आणि रक्तदाब चढतो. दिवसाला १०० मिलिग्रॅम ही मर्यादा युरोपात सांगितली जाते, पण स्वीडनमध्ये झालेल्या एका प्रयोगात तेवढ्यानेही दाब थोडा वाढलेला दिसला. गोळ्या नियमित घेऊनही बीपी आवरत नसेल, पायाला सूज असेल आणि रक्तात पोटॅशियम कमी आलं असेल, तर डॉक्टरांकडे जाताना रोजच्या काढ्याची पुडीही सोबत न्यावी आणि तिच्यात काय काय आहे ते त्यांना वाचून दाखवावं.