भर दुपारी सौर इन्व्हर्टर का बंद पडतो?

नेरूळमध्ये आमच्या ओळखीच्या एका रो-हाउसच्या गच्चीवर गेल्या वर्षी ३ किलोवॅटचे सौर पॅनेल बसले. फेब्रुवारीत त्या घरमालकांनी मोबाईलवरचा उत्पादनाचा आलेख मला दाखवला. सकाळपासून तो छान चढत गेला होता, परंतु बाराच्या सुमारास एकदम शून्यावर आला, काही मिनिटांनी पुन्हा वर चढला आणि पुन्हा कोसळला. दोन वाजेपर्यंत करवतीच्या दात्यांसारखा हाच प्रकार चालू होता. कोणी त्यांना उन्हाने पॅनेल तापल्याचे सांगितले, तर कोणी इन्व्हर्टर आग्नेय कोपऱ्यात हलवण्याचा सल्ला दिला. वीज दिशा पाहून वाहत नाही, त्यामुळे दुसऱ्या सल्ल्यावर एक रुपयाही खर्च करू नये. पहिला सल्ला शास्त्रीय वाटतो, पण तोही चुकीचा आहे. पॅनेल तापले की उत्पादन हळूहळू घटते, असे झटक्यात शून्य होत नाही. शिवाय फेब्रुवारीत हवा थंड आणि ऊन स्वच्छ असल्याने पॅनेल मे महिन्यापेक्षा जोमाने काम करतात.

खरे कारण इन्व्हर्टरच्या पडद्यावरच लिहिलेले होते: ग्रिडचा, म्हणजे वितरण कंपनीच्या तारांवरचा व्होल्टेज मर्यादेबाहेर. आपल्याकडे घरगुती पुरवठ्याचा प्रमाण व्होल्टेज २३० आहे आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांनुसार तो ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ व्होल्टवर गेला की इन्व्हर्टरने दोन सेकंदांच्या आत ग्रिडपासून वेगळे व्हायचे असते. नंतर व्होल्टेज निदान मिनिटभर मर्यादेत राहिला तरच तो पुन्हा जोडला जातो. आलेखातले दाते त्यातूनच तयार होतात.

आता प्रश्न असा, की व्होल्टेज २५३ वर गेलाच कसा? आपल्याला शाळेपासून एवढे ठाऊक असते की तारेतून प्रवाह वाहिला की व्होल्टेज थोडा कमी होतो, आणि म्हणून ट्रान्सफॉर्मरपासून दूर असलेल्या घरी तो सर्वांत कमी मिळतो. वितरण व्यवस्थेची आखणीही हेच गृहीत धरून झालेली आहे. शेवटच्या घरी रात्रीच्या गर्दीतही पुरेसा व्होल्टेज पोहोचावा म्हणून ट्रान्सफॉर्मरकडे तो मुद्दाम चढा ठेवतात. आपल्याकडचे वितरण ट्रान्सफॉर्मर भार नसताना तीन जिवंत तारांपैकी, म्हणजे फेजांपैकी, कोणत्याही दोन फेजांमध्ये ४३३ व्होल्ट देतील असे बनवलेले असतात. त्याला तीनच्या वर्गमुळाने भागले की फेज आणि परतीची तार, म्हणजे न्यूट्रल, यांच्यात २५० व्होल्ट येतात. म्हणजे मर्यादेपासून आपण मुळातच तीन व्होल्टवर उभे असतो.

कामाच्या दिवशी दुपारी माणसे कार्यालयात असतात, पंखे आणि एसी बंद असतात, आणि गच्चीवरची वीज घरात खपत नाही. ती केबलमधून ट्रान्सफॉर्मरकडे निघते आणि सबंध सेक्टरमध्ये ती खपली नाही तर ट्रान्सफॉर्मरमधून उलट वर, २२ हजार व्होल्टच्या वाहिनीत जाते. या उलट्या प्रवाहाने ट्रान्सफॉर्मर जळतो असा एक समज आहे, परंतु ट्रान्सफॉर्मरला दोन्ही दिशा सारख्याच असतात. उलटा जाणारा भार त्याच्या क्षमतेपलीकडे गेला तरच तो तापतो. अडचण खरी होते ती केबलमध्ये. प्रवाह घराकडून ट्रान्सफॉर्मरकडे ढकलायचा, तर घराकडचा व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरकडच्या व्होल्टेजपेक्षा जास्त असावा लागतो, जसे पाणी उलटे न्यायचे तर आपल्या टोकाला दाब वाढवावा लागतो.

हा दाब किती वाढतो ते प्रत्यक्ष मोजून पाहू. ट्रान्सफॉर्मरपासून २०० मीटरवर रो-हाउसची एक ओळ आहे आणि तिथपर्यंत ९५ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची केबल गेली आहे. अशा एका तारेचा रोध या अंतरावर सुमारे ०.०७ ओहम भरतो. ओळीतल्या सहा घरांवर पॅनेल आहेत आणि घरचा वापर वजा जाता प्रत्येक घर २.५ किलोवॅट बाहेर पाठवते. सहाही घरे योगायोगाने एकाच, समजा लाल फेजवर आहेत. एकूण १५ किलोवॅट म्हणजे साधारण ६० अँपिअर प्रवाह झाला. ६० गुणिले ०.०७, म्हणजे फेजच्या तारेत ४.२ व्होल्टची वाढ झाली.

हिशेब इथे संपत नाही, आणि मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग इथेच सुरू होतो. प्रवाहाला परतीची वाट लागते, आणि एकाच फेजवरचा प्रवाह न्यूट्रलमधून परततो. त्या तारेचाही रोध तेवढाच धरला, तर घराकडच्या टोकाला न्यूट्रल ४.२ व्होल्टने खाली सरकतो. फेज वर गेला, न्यूट्रल खाली गेला, आणि दोघांमधले अंतर ८.४ व्होल्टने वाढले. खांबापासून घरापर्यंतच्या बारीक सर्व्हिस केबलमध्ये आणखी दीड व्होल्ट धरा. ट्रान्सफॉर्मरकडे दुपारी २४५ व्होल्ट असतील, तर त्या घरी २५५ व्होल्ट होतात आणि इन्व्हर्टर बंद पडतो. त्याच वेळी इतर दोन फेजांवर, न्यूट्रल सरकल्यामुळेच, व्होल्टेज दोनेक व्होल्टने कमी झालेला दिसतो. एक फेज चढा आणि दोन उतरलेले, ही असमतोलाची खूण लाइनमनला साध्या मीटरने फीडर पिलरवर, म्हणजे रस्त्याकडेच्या वितरण पेटीत, दिसू शकते.

हीच सहा घरे तिन्ही फेजांवर दोन-दोन अशी वाटली, तर प्रत्येक फेजमध्ये २० अँपिअर राहतात आणि न्यूट्रलमध्ये तिन्ही फेजांचे परतीचे प्रवाह एकमेकांना रद्द करतात. मग वाढ उरते १.४ व्होल्टची, अधिक सर्व्हिस केबलचे दीड. घरी २४८ व्होल्ट मिळतात आणि एकही पॅनेल वाढवावे किंवा काढावे न लागता सगळे इन्व्हर्टर चालू राहतात.

दोष आपल्या घरच्या तारेत आहे की बाहेर, हेही ओळखता येते. स्वच्छ उन्हात, इन्व्हर्टर चालू असताना त्याच्या पडद्यावरचा व्होल्टेज टिपून घ्यावा, मग तो बंद करून लगेच पुन्हा पाहावा. फरक पाच-सहा व्होल्टचा असेल तर इन्व्हर्टर ते मीटर ही तार बारीक किंवा जोड सैल आहे आणि ते काम बसवणाऱ्याचे आहे. फरक किरकोळ असूनही व्होल्टेज अडीचशेच्या वर असेल, तर वितरण कंपनीकडे तारीख, वेळ आणि आकड्यांसह लेखी तक्रार करावी. रविवारी माणसे घरी असताना त्रास कमी आणि सोमवारी जास्त होत असेल, तर तेही लिहावे, कारण त्यावरून कारण जवळजवळ निश्चित होते.

एक उपाय मात्र कोणी सुचवला तर ठाम नकार द्यावा. काही ठिकाणी इन्व्हर्टरमधली २५३ ची मर्यादा २६५ किंवा २७० करून दिली जाते. आलेख गुळगुळीत होतो, परंतु तो चढा व्होल्टेज शेजारच्या, सौर पॅनेल नसलेल्या घरातल्या फ्रिजला आणि दिव्यांना सोसावा लागतो. ज्या शेजाऱ्याला यातले काही माहीतही नाही त्याच्या उपकरणांवर हा भार टाकणे अन्यायाचे आहे.

पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळू लागल्यापासून अशा ओळी भराभर भरत आहेत. उद्या हिशेबातल्या त्याच ओळीत अठरा घरांवर पॅनेल आले आणि ती सहा-सहा अशी वाटली, तर प्रत्येक फेजमध्ये ६० अँपिअर वाहतील, पण न्यूट्रल रिकामा राहील आणि वाढ सर्व्हिस केबलसह सहा व्होल्टच्या आत बसेल. तिप्पट सौरऊर्जा, आणि तरीही एका फेजवर कोंबलेल्या सहा घरांपेक्षा कमी व्होल्टेज. त्यानंतरही मर्यादा ओलांडली जात असेल, तर ट्रान्सफॉर्मरला टॅप, म्हणजे बाहेर पडणारा व्होल्टेज पायरीपायरीने बदलण्याची सोय, असल्यास पुरवठा बंद करून तो एक पायरी उतरवता येतो. अशी पायरी बहुधा अडीच टक्क्यांची, म्हणजे सुमारे सहा व्होल्टची असते. मात्र हे सहा व्होल्ट रात्रीही कमी होतात. म्हणून टॅप हलवण्याआधी रात्री नऊला, सगळे एसी चालू असताना, शेवटच्या घरचा व्होल्टेज मोजून पाहावा लागतो.