हातावरचे जांभळे डाग: त्वचेचे की गोळीचे?

दादरच्या माझ्या दवाखान्यात महिन्यातून तीन-चार वेळा तरी कुणीतरी बाही वर सरकवून मनगटापासून कोपरापर्यंतचा हात पुढे करतं आणि म्हणतं, “डॉक्टर, रक्त फार पातळ झालंय बघा.” हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते. डागाची नव्हे, पुढच्या वाक्याची. कारण पुष्कळदा ते असं असतं: “म्हणून परवापासून रक्त पातळ करायची गोळी बंद केलीय.”

टेबलाचा कोपरा लागून मांडीवर उठणारा काळानिळा डाग सगळ्यांना माहीत आहे. तो दुखतो, जांभळ्याचा हिरवट होतो, मग पिवळा पडतो आणि जातो. वयस्कर माणसाच्या हातावरचा डाग तसा वागत नाही. तो गडद जांभळा, वेड्यावाकड्या पण स्पष्ट कडेचा असतो. दुखत नाही, कधी आणि कशाने लागलं ते आठवत नाही. हिरवा-पिवळा न होता एक ते तीन आठवडे तसाच राहतो आणि जाताना तपकिरी छटा मागे ठेवतो. थॉमस बेटमन या इंग्रज डॉक्टरांनी १८१८ साली हेच वर्णन केलं होतं, तेव्हा ॲस्पिरिनची गोळी अस्तित्वातही नव्हती.

याचं मूळ त्वचेत आहे. वर्षानुवर्षं उन्हात राहिलेल्या त्वचेतलं कोलॅजन विरळ होतं आणि बारीक रक्तवाहिन्यांना धरून ठेवणारी गादीच उरत नाही. मग बेस्टच्या बसमध्ये दांडा घासला, पिशवीचा बंद हातावरून सरकला, नातवंडाने हात ओढला, एवढ्यानेही वाहिनी फाटते. म्हणून हे डाग हाताच्या बाहेरच्या बाजूला आणि पंज्याच्या पाठीवर येतात. घरच्या घरी पाहायचं असेल तर दंडाच्या आतल्या बाजूची, उन्हापासून झाकलेली त्वचा हलकेच चिमटीत धरा. ती अजून जाडसर लागते. हातावरची मात्र पतंगाच्या कागदासारखी चुरगळते, आणि तिच्यावर अधूनमधून पांढरे, चांदणीसारखे वण दिसतात.

खरी गफलत इथे होते. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्याच्या हातावर डाग दिसला की तो गोळीचाच, असं धरलं जातं. मुळात या गोळ्यांनी रक्त पाण्यासारखं पातळ होत नाही. प्लेटलेट एकमेकींना चिकटत नाहीत, म्हणून फाटलेली वाहिनी बंद व्हायला उशीर लागतो. वाहिनी फाटते ती त्वचेमुळे, गोळीमुळे डाग रुपयाच्या नाण्याएवढा राहण्याऐवजी हातभर पसरतो. म्हणून हाताकडे कितीही वेळ पाहिलं तरी गोळी जास्त होतेय का, ते कळणार नाही. ते कळतं हात सोडून बाकीच्या अंगाकडे पाहिल्यावर.

गेल्या वर्षी ७४ वर्षांच्या एक काकू आल्या. पाच महिन्यांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलेला, ॲस्पिरिन ७५ आणि क्लोपिडोग्रेल ७५ चालू. दोन्ही हातांवर मिळून पाच डाग. शेजारच्या बाईंनी सांगितलं म्हणून चार दिवस दोन्ही गोळ्या बंद. मी त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि पोट, पाठ, मांड्या पाहिल्या. एकही डाग नाही. हिरड्या स्वच्छ. घोट्याजवळ टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके नाहीत. नाकातून रक्त नाही, लघवी लाल नाही, शौचाला काळं होत नाही. नवं औषध? गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक? तेही नाही. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन १२.४, प्लेटलेट २ लाख १० हजार, दोन्ही ठीक. सगळे डाग उन्हाच्या त्वचेवर, बाकी अंग कोरं. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना तिथूनच फोन लावला आणि दोन्ही गोळ्या त्याच संध्याकाळी सुरू केल्या. स्टेंटनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत या गोळ्या आपल्या मनाने सोडल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन हार्ट अटॅक येऊ शकतो. हातावरच्या पाच डागांपायी तो धोका त्यांनी चार दिवस डोक्यावर वागवला होता.

आता याच्या शेजारी दुसरा हात ठेवते. ७९ वर्षांचे एक आजोबा, हृदयाचे ठोके अनियमित म्हणून अनेक वर्षं ॲसिनोकुमरॉल या गुठळी रोखणाऱ्या गोळीवर. हातावर डाग त्यांनाही होते, पण ते जुनेच. नवीन होता तो मांडीच्या आतला तळहाताएवढा डाग, काहीही न लागता आलेला, आणि सकाळी ब्रशला लागलेलं रक्त. जुलाब लागले म्हणून आठवडाभर मेट्रोनिडॅझोल घेतलं होतं. त्या औषधाने ॲसिनोकुमरॉलचा परिणाम वाढतो. रक्त गोठायला किती उशीर लागतो हे सांगणारा आयएनआरचा आकडा २ ते ३ च्या दरम्यान हवा होता, तो ६ च्या वर निघाला. त्यांना लगेच रुग्णालयात पाठवलं. इथे कारण औषधच होतं. ते दिसलं कपड्याखालच्या डागावरून, दुसऱ्या जागेच्या रक्तावरून, आणि अलीकडे काय बदललं या प्रश्नाच्या उत्तरावरून.

डाग चाचपल्यावर उंचवटा लागला, किंवा पायांवर बारीक ठिपक्यांचं पीक आलं, तर ते वेगळंच प्रकरण आहे. त्याच दिवशी दाखवा, पावसाळ्यात तापाबरोबर ठिपके आले तर डेंग्यूसाठीही. आणि या गोळ्या घेणाऱ्याचं डोकं आपटलं, तर डाग असो वा नसो, थेट रुग्णालय गाठा.

एका औषधाचं नाव मात्र लोक घेतच नाहीत, ते म्हणजे स्टेरॉइड. हे रक्ताला हात लावत नाही, थेट त्वचा पातळ करतं. म्हणून डाग हुबेहूब वयाच्या डागांसारखे दिसतात आणि रक्ताचे रिपोर्ट सगळे ठीक येतात. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी लांबलेली प्रेडनिसोलोन, वर्षानुवर्षं घेतलेला मोठ्या डोसचा इनहेलर, आणि माझा सगळ्यात जास्त राग ज्यावर आहे ते खाजेवरचं क्लोबेटासोलचं मलम, चिठ्ठीशिवाय आणून वर्षभर चोळलेलं. “औषधं कोणती?” असं विचारल्यावर मलम कुणी सांगत नाही. ते औषधात धरलंच जात नाही. गुडघ्यावर जादूसारखी लागू पडणारी बिननावाची पुडी घेत असाल तर तीही घेऊन या, अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. फक्त स्टेरॉइडची गोळी बरेच दिवस चालू असेल तर ती एकदम तोडू नका. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं मंदावलेलं असतं, ती हळूहळू उतरवावी लागते.

डागावर हेपारिनचं मलम चोळू नका, तेलाने मालीशही नको. चोळण्यानेच पुढची वाहिनी फाटते. त्वचा फाटून जखम झाली तर चिकटपट्टी थेट लावू नका, काढताना सालासकट निघते. न चिकटणारं ड्रेसिंग ठेवून वर सैल बँडेज गुंडाळा.

काकू आता पूर्ण बाहीचा सुती ब्लाउज घालतात आणि भाजीची पिशवी हातावर न अडकवता खांद्याला लावतात. मागच्या भेटीत डाव्या हातावर दोन नवे डाग होते. त्यांनी ते दाखवलेही नाहीत, मीच पाहिले. त्यांनी पुढे केला तो पोटाचा आणि मांड्यांचा हिशोब: “तिकडे काही नाही, डॉक्टर. गोळ्या दोन्ही चालू आहेत.”