ब्रिटनमधल्या कंपनीकडे स्वतःची माहिती मागताना पत्र कुठे अडतं

ब्रिटनमधल्या कंपनीकडे आपल्याबद्दल जी माहिती आहे, तिची प्रत ग्राहकाला मागता येते. यूके जीडीपीआर या तिथल्या डेटा-संरक्षण कायद्याच्या कलम १५ ने हा हक्क दिलाय. फी लागत नाही, साधा ईमेल चालतो. ‘आमचा ऑनलाइन फॉर्म भरा’ असं उत्तर आलं, तरी तुमचं पत्र बाद होत नाही.

बहुतेकांचं घोडं अडतं ते ओळखीच्या पुराव्यावर. एक नेहमीचं उदाहरण घ्या. भाड्याच्या घरात चौघं राहत होते, वीज एकाच्या नावावर. घर सोडल्यावर त्याला चुकीचं बिल येतं आणि थकबाकीची नोंद क्रेडिट फाइलवर चढते. तो माहिती मागतो, तर कंपनी म्हणते, सध्याच्या पत्त्याचं बिल पाठवा. नव्या घरातलं बिल घरमालकाच्या नावावर, मग आणायचं कुठून? खरंतर ओळखीबद्दल रास्त शंका असेल तरच पुरावा मागता येतो, तोही बेताचाच. खात्यावर नोंदलेल्या ईमेलवरून लिहा, खाते क्रमांक आणि जुना पत्ता द्या, शेवटच्या बिलाची रक्कम सांगा, आणि एवढं का पुरत नाही ते लेखी विचारा. पण उत्तर द्यायला उशीर करू नका. कंपनीची पुराव्याची मागणी रास्त असेल, तर तिची माहिती देण्याची मुदत पुरावा पोचल्यावरच सुरू होते. कित्येकांची महिनाभराची वाट इथेच फुकट जाते.

मुदत एक कॅलेंडर महिना. ३ सप्टेंबरला पत्र पोचलं तर ३ ऑक्टोबरपर्यंत; ३१ जानेवारीला पोचलं तर फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसापर्यंत. तो दिवस सुट्टीचा असेल, तर पुढचा कामाचा दिवस. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर कंपनीला आणखी दोन महिने घेता येतात, मात्र तसं पहिल्या महिन्यातच कारणासह कळवावं लागतं. मुदत उलटून गेल्यावर आलेलं ‘काम चालू आहे’ हे उत्तर त्यात बसत नाही.

‘सगळी माहिती द्या’ एवढंच लिहिलं की बऱ्याचदा नाव-पत्त्याचं एक पान हातात येतं. वरच्या भाडेकरूने मागायचं ते असं: अमुक ते अमुक तारखेची फोन रेकॉर्डिंग, कर्मचाऱ्यांनी खात्यावर लिहिलेल्या नोंदी, त्याच्याविषयीचे अंतर्गत ईमेल, मीटर रीडिंगचा इतिहास, आणि क्रेडिट एजन्सीला काय व कधी कळवलं ते. कोणता फोन कधी केला हे आठवत असेल तर जरूर लिहा, कारण कंपनीवर बंधन आहे ते रास्त शोधाचंच. इतरांची नावं काळी करून आली, तर बहुधा ते नियमातच असतं.

मुदत टळली तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करा. तरीही दाद लागली नाही, तर आयसीओकडे, म्हणजे माहिती आयुक्तांच्या कार्यालयाकडे जा. कंपनीशी शेवटचा ठोस पत्रव्यवहार झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिथे पोचलेलं बरं. पत्र, पोचपावती आणि आलेली उत्तरं तारखेवार जोडा.

हाच मसुदा पुण्या-मुंबईच्या कंपनीला पाठवू नका. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातलं कलम ११ मुख्यतः माहितीचा सारांश आणि ती कोणाकोणाला दिली हे मागण्याबद्दल आहे. पूर्ण प्रतीबद्दल त्यात काही नाही.