बग गेला की नुसता दिसेनासा झाला?

मंडळी, आज दोनच गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघू. पहिली, बग दुरुस्त झाला. दुसरी, बग दिसेनासा झाला. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारख्या दिसतात: आधी चुकीचं येत होतं, आता बरोबर येतंय. आपल्या क्लबमध्ये "झालं रे!" अशी जी आरोळी उठते, ती यांपैकी कशाबद्दल असते हे आरोळी ठोकणाऱ्यालाही बऱ्याचदा माहीत नसतं.

उदाहरण छोटं घेतो. प्रोजेक्ट दाखवण्यासाठी ज्यानं आधी नाव नोंदवलं त्याचा नंबर आधी, असा नियम आहे. मीरानं फॉर्म चुकून दोनदा भरला, म्हणून दुबार नावं काढायची आहेत. `turn.py` असं लिहिलं:

```python
names = ["मीरा", "ओंकार", "सई", "मीरा", "तन्मय"]
unique = list(set(names))
print(unique[0])
```

उत्तर "मीरा" यायला हवं. येतं "सई". पुन्हा चालवलं की "तन्मय". मग एकदा "मीरा"सुद्धा.

आता समजा तुमच्यातल्या एकानं हे दुरुस्त करायला घेतलं. त्यानं नावांना `strip()` लावलं, पायथॉनची नवी आवृत्ती टाकली, मध्ये दोन-चार `print` घातले आणि प्रोग्राम चालवला. "मीरा" आलं. झालं रे! दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर चालवलं तर "ओंकार".

काय झालं असेल? वेगळी नावं चार आहेत आणि क्रम लॉटरीसारखा बदलतो. म्हणजे कोडला हातही न लावता साधारण चारात एकदा "मीरा" पहिलं येणारच. त्याच्या तिन्ही बदलांचा बगशी काडीचाही संबंध नव्हता. पण तीन बदलांनंतर एकदाच चालवल्यावर, यांतल्या एकानं तरी काम केलं असणार असं वाटणं साहजिक आहे. इथेच गल्लत होते.

म्हणून आधी बग हुकमी दाखवता आला पाहिजे. यालाच आपण रिप्रोड्यूस करणं म्हणतो. "मला दोनदा दिसला होता" हे रिप्रोड्यूस करणं नव्हे. "ही कमांड दे, दर वेळी दिसेल" हे रिप्रोड्यूस करणं. निदान "वीस वेळा चालवलं की पंधराएक वेळा दिसतो" इतकं तरी सांगता यायला हवं:

```bash
for i in $(seq 20); do python3 turn.py; done
```

दर वेळी प्रोग्राम नव्यानं सुरू होतोय, याकडे लक्ष द्या. नोटबुकमध्ये तोच सेल वीसदा चालवलात तर वीसही वेळा एकच नाव येईल आणि "माझ्याकडे तर बरोबर चालतंय" हा आपला आवडता वाद सुरू होईल. कारण पायथॉन प्रत्येक स्ट्रिंगवरून एक आकडा काढतो, त्याला हॅश म्हणतात, आणि त्यात तो एक यादृच्छिक आकडा मिसळतो. हा यादृच्छिक आकडा प्रोग्राम सुरू होताना ठरतो आणि बंद होईपर्यंत तोच राहतो. 3.3 आवृत्तीपासून हे आपोआप चालू असतं. मुद्दाम एकसारख्या हॅशच्या किल्ल्या पाठवून कुणी सर्व्हर ठप्प करू नये, यासाठी ही सोय आहे. `set` मधला क्रम या हॅशवर अवलंबून असतो, म्हणून दर रनला वेगळा.

अजून एक फसवी जागा आहे. चाचणी सोपी करावी म्हणून नावांऐवजी रोल नंबर घेतले, `[1, 2, 3, 1, 4]`, की बग गायब! पूर्णांकांच्या हॅशमध्ये तो यादृच्छिक आकडा मिसळत नाही, त्यामुळे दर वेळी 1 च पहिला येतो. इथं हिरमुसून नावांकडे परत जाऊ नका. एकच गोष्ट बदलली आणि बग गेला, म्हणजे कारण स्ट्रिंग आणि पूर्णांक यांच्यातल्या फरकात दडलंय. माझ्या मते या सगळ्या शोधातला हा सर्वात मोलाचा रन. नंबर घेताना सोबत `set` पण काढून टाकला असतात, तर यातून काहीच कळलं नसतं.

आता तो यादृच्छिक आकडा ज्यावरून ठरतो तो सीड आपणच देऊन बग जागेवर बसवू. मॅक किंवा लिनक्सवर:

```bash
PYTHONHASHSEED=1 python3 turn.py
```

त्याच मशीनवर, त्याच पायथॉनवर आता दर वेळी एकच नाव येईल. नेमकं "मीरा" आलं तर 2, 3 असे आकडे टाकत जा. चुकीचं नाव आलं की तिथे थांबा आणि तो आकडा कागदावर लिहून ठेवा. आता बग तुमच्या मुठीत आहे. यापुढे पायथॉनची आवृत्ती बदलायची नाही, कारण नव्या आवृत्तीत तोच आकडा तोच क्रम देईल याची हमी नाही.

मग एकेक बदल. `strip()` लावा, चालवा: तेच चुकीचं नाव. काढून टाका. `print` घाला, चालवा: तेच. काढा. "काढा" हा शब्द कंटाळवाणा वाटतो, पण न काढता पुढे गेलात तर तिसऱ्या पायरीवर तुम्ही तीन बदल एकत्र तपासत असता. `strip()` तुम्हाला एरवीही हवं असेल तर जरूर ठेवा, पण वेगळ्या कमिटमध्ये.

पुढचा बदल, `sorted(set(names))`. आता सीड कुठलाही द्या, दर वेळी एकच उत्तर. दुरुस्त झालं? नाही. उत्तर "ओंकार" येतं, कारण क्रम आता अक्षरांवरून लागतो, नोंदणीवरून नाही. हा प्रकार जास्त धोक्याचा, असं मला वाटतं. डळमळणारं चुकीचं उत्तर निदान संशय तरी जागा करतं. ठाम चुकीचं उत्तर खपून जातं. चाचणीसाठी अमित, बबन, चेतन अशी नावं त्याच क्रमानं घेतली असतीत, तर "अमित" आलं असतं आणि कुणालाच शंका आली नसती.

खरी दुरुस्ती ही:

```python
unique = list(dict.fromkeys(names))
```

3.7 पासून डिक्शनरी घातलेला क्रम जपते, ही भाषेचीच हमी आहे. म्हणून "मीरा" पहिली, आणि तीही एकदाच.

तरीही दोन तपासण्या राहिल्या. पहिली, सीड न देता वीसदा चालवा. आपला बग चारातल्या तीन वेळा दिसत होता, त्यामुळे वीस स्वच्छ रन पुरेसे आहेत. पण चारातून एकदाच दिसणारा बग असेल, तर दुरुस्त न करताही सलग दहा रन स्वच्छ जाण्याची शक्यता साधारण साडेपाच टक्के असते. वीस रनला ती हजारात तीन इतकी खाली येते. बग जितका क्वचित, तितके रन जास्त.

दुसरी तपासणी आपल्याकडे जवळपास कुणीच करत नाही. कागदावर लिहिलेला सीड देऊन ती एकच ओळ जुन्या रूपात आणा: चुकीचं नाव परत यायला हवं. पुन्हा नवी करा: जायला हवं. ओळ मागे घेऊनही बग परत आला नाही, तर तो तुम्ही घालवलेलाच नाही.

आणि सीड कागदावरच राहू द्या. सोय म्हणून `export PYTHONHASHSEED=1` असं `.bashrc` मध्ये टाकून विसरलात, तर पुढच्या वेळी असाच बग तुमच्या लॅपटॉपवर कदाचित गप्प बसेल आणि शेजारच्याच्या लॅपटॉपवर दिसेल.